फॅटी लिव्हर ग्रेड २ आलंय, उपाशीपोटीची शुगर नॉर्मल आहे, तरी लिव्हरच्या डॉक्टरांनी ग्लुकोज पिऊन करायची टेस्ट लिहून दिली. खरंच गरज आहे का?

आहे. करून घ्या.

हाच वाद आमच्या घरात झालाय म्हणून लिहितेय. माझ्या नवऱ्याला फॅटी लिव्हर निघालं तेव्हा फास्टिंग शुगर ९६ होती आणि गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारं एचबीएवनसी ५.६. दोन्ही आकडे नॉर्मलमध्ये, कारण प्रीडायबेटिस धरतात ते फास्टिंग १०० ते १२५ आणि एचबीएवनसी ५.७ ते ६.४ असेल तर. लिव्हरवाल्या डॉक्टरांनी तरीही ७५ ग्रॅम ग्लुकोजची टेस्ट लिहून दिली आणि माझे मोठे दीर लगेच म्हणाले, लिव्हरच्या डॉक्टरला शुगरशी काय करायचंय, उगाच टेस्ट वाढवतात. मी म्हटलं भाऊजी, लिव्हर हेच शुगरचं मोठं कोठार आहे.

रात्रभर आपण उपाशी असतो तेव्हा रक्तात साखर सोडायचं काम लिव्हर करतं, आणि पुरेशी झाली की इन्सुलिन त्याला थांबवतं. लिव्हरमध्ये चरबी साठली की ते इन्सुलिनचं नीट ऐकत नाही. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन ओतून ओतून सकाळचा आकडा ताब्यात ठेवतं, कधीकधी वर्षानुवर्षं, आणि रिपोर्टवर तेवढंच ९६ दिसतं. त्यामागे किती जोर लावला जातोय ते दिसत नाही. एकदम भरपूर साखर आली की मात्र उघडं पडतं, कारण आता लिव्हरने थांबायचं असतं आणि स्नायूंनी ती साखर भराभर उचलायची असते, आणि इन्सुलिनला दाद न देणारं शरीर तिथे मागे पडतं. ह्यांची दोन तासांनंतरची शुगर आली १६८. १४० ते १९९ म्हणजे प्रीडायबेटिस, २०० किंवा त्याहून जास्त म्हणजे डायबेटिस. फक्त फास्टिंगवर थांबलो असतो तर "शुगर नॉर्मल" म्हणून फाईल बंद झाली असती.

त्याच वेळी फास्टिंग इन्सुलिनही केलं होतं, ते १८ आलं. डॉक्टरांनी १८ गुणिले ९६ भागिले ४०५ असं करून दाखवलं, ४.३ च्या आसपास येतं. याला होमा-आयआर म्हणतात, अडीचच्या वर असेल तर बरेच डॉक्टर इन्सुलिन रेझिस्टन्स समजतात. पण ही टेस्ट प्रीडायबेटिस ठरवायला नसते, आणि इन्सुलिनचा आकडा लॅबगणिक बदलतो, म्हणून डॉक्टरांनी सांगितली नसेल तर स्वतःहून करत बसू नका.

आता टेस्ट बिघडते कुठे ते सांगते, कारण आमची पहिल्या वेळी पुढे ढकलावी लागली. भाऊजींनी ह्यांना सल्ला दिला होता की रिपोर्ट चांगला यायला आधी गोड, पिठूळ सगळं बंद कर. डॉक्टरांनी विचारलं, गेले तीन दिवस नेहमीसारखं जेवलात का? नाही म्हटल्यावर परत पाठवलं. कार्ब्स बंद केले की शरीराची साखर हाताळायची सवय तात्पुरती मंदावते आणि उलट आकडा खोटा जास्त येऊ शकतो. म्हणजे सल्ला देणाऱ्याला जे हवं होतं त्याच्या बरोब्बर उलट! तीन दिवस नेहमीचं जेवण, मग रात्रभर किमान आठ तास उपाशी, सकाळी पहिलं रक्त, ग्लुकोजचं पाणी पाचेक मिनिटांत संपवायचं आणि प्यायला सुरुवात केल्यापासून दोन तास मोजायचे. मधे फेऱ्या मारायच्या नाहीत, सिगारेट नाही. उलटी झाली तर ती टेस्ट धरायची नाही. आणि जेवणानंतरची शुगर म्हणजे ही टेस्ट नव्हे, प्रीडायबेटिसचे १४० ते १९९ हे आकडे ७५ ग्रॅम ग्लुकोजचे आहेत.

लिव्हरच्या डॉक्टरांना हे हवं असतं ते दोन्ही बाजूंनी. फॅटी लिव्हर असेल तर पुढे डायबेटिस व्हायची शक्यता वाढते, आणि शुगर बिघडलेली असेल तर लिव्हरमध्ये फायब्रोसिस, म्हणजे कडक वण पडत जाण्याचा धोका वाढतो. त्यामुळे १६८ कळल्यावर लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारा ह्यांचा फायब्रोस्कॅन आणि वजनाचं टार्गेट दोन्ही पक्कं झालं. घरात कुणी "फास्टिंग नॉर्मल आहे ना" म्हणत असेल तर त्यांना विचारा, दोन तासांनंतरची किती आहे ते माहितीये का.

एक राहिलं, ॲनिमिया असेल किंवा लिव्हर सिरोसिसपर्यंत गेलं असेल तर एचबीएवनसीवर विसंबू नका. लाल पेशी लवकर मरत असतील तर तो खोटा कमी येतो, आयर्न कमी असेल तर खोटा जास्त येऊ शकतो. आणि डायबेटिस आधीच ठरलेला असेल तर ग्लुकोज प्यायची टेस्ट करायची नसते, तसं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.