वर्तमानपत्रात निधनाची सूचना: नाती आणि तारखा

प्रश्न: वडील मंगळवारी पहाटे 3 वाजता गेले, अंत्यसंस्कारही झाले. थोरला भाऊ आधीच वारला असून वहिनी आमच्यातच राहतात. पेपरात सूचना द्यायची आहे. नाती आणि तारखा कशा लिहू?

आपल्या दुःखात मी सहभागी आहे. मी बरीच वर्षे जाहिरातींच्या खिडकीवर बसून असे मजकूर तपासले आहेत. आपल्यासारख्या घरात नेमके काय चुकते, तेवढेच सांगतो.

‘त्यांच्या पश्चात’ या शब्दांनंतर फक्त हयात माणसे येतात, त्यामुळे थोरल्या भावाचा उल्लेख तिथे करता येत नाही. मात्र वहिनींना वगळणे चूक आणि मनाला लागणारेही ठरेल. ‘एक मुलगा, दोन सुना’ हे बरोबर असले तरी वाचणाऱ्याला छपाईची चूक वाटते, म्हणून ‘दिवंगत थोरल्या मुलाची पत्नी’ असे स्पष्ट लिहावे. ‘दोन मुले’ असेही लिहू नये, कारण त्यातून दोन मुलगे की मुलगा आणि मुलगी हे कळत नाही.

पहाटे 3 ची वेळ हा दुसरा अडचणीचा भाग आहे. घरचे लोक सहज ‘सोमवारी रात्री’ म्हणतात आणि मृत्यूच्या दाखल्यावर मात्र मंगळवार असतो, म्हणून सूचनेत दाखल्याप्रमाणेच वार आणि तारीख द्यावी. दशक्रियेची मोजणी वेगळी असते: मृत्यूचा दिवस पहिला धरतात, आणि बरेच गुरुजी दिवस सूर्योदयापासून मोजतात. समजा, निधन मंगळवार, 4 फेब्रुवारी 2025 च्या पहाटेचे आहे. या हिशेबाने पहिला दिवस सोमवार, 3 तारीख आणि दहावा दिवस बुधवार, 12 तारीख ठरतो. चारात दहा मिळवून 14 तारीख छापणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. तारीख गुरुजींकडून पक्की केल्याशिवाय मजकूर पाठवू नये.

याच तारखा धरून मजकूर असा होईल:

‘आमचे वडील श्री. (पूर्ण नाव) यांचे मंगळवार, दि. 4 फेब्रुवारी 2025 रोजी पहाटे 3 वाजता राहत्या घरी वृद्धापकाळाने निधन झाले. त्यांच्यावर त्याच दिवशी अंत्यसंस्कार करण्यात आले. त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगा, सून, दिवंगत थोरल्या मुलाची पत्नी, मुलगी, जावई व नातवंडे असा परिवार आहे. दशक्रिया विधी बुधवार, दि. 12 फेब्रुवारी 2025 रोजी सकाळी 8 वाजता (घाटाचे नाव व गाव) येथे होईल. शोकाकुल: समस्त (आडनाव) परिवार.’

निधन सांगणाऱ्या वाक्यात मी ‘श्री.’ ठेवतो, कारण निधन झाले ते हयात माणसाचे, ‘कै.’ वर्षश्राद्धाच्या सूचनेत शोभते. अर्थात काही घरांना पहिल्याच सूचनेत ‘कै.’ हवे असते, त्यावर वाद घालण्याची ही वेळ नव्हे. वार आणि तारीख दोन्ही मात्र नेहमी छापावीत, कारण त्यातले एक चुकले तर दोन्ही जुळत नाहीत आणि प्रूफ वाचताना चूक लगेच ध्यानात येते.