जावई आईपेक्षा आठच वर्षांनी लहान

"ताई, मी ३१ वर्षांची असून अमळनेरला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. ज्यांच्याशी लग्न करावे असे मला वाटते, ते ४५ वर्षांचे आहेत. ते भुसावळला लोको पायलट आहेत. बहिणींची लग्ने करता करता त्यांचे स्वतःचे राहून गेले. आई ५३ वर्षांची आहे. 'एवढ्या मोठ्या जावयाला मी काय म्हणून हाक मारू?' असे ती विचारते. वडील तर विषयच काढू देत नाहीत. मला आधी पीएच.डी. करायची आहे, मूल नंतर. शिवाय ते सुटीच्या दिवशीही झोपूनच असतात, त्यामुळे पुढची धास्ती वाटते."
– एक वाचक, अमळनेर

तुमच्या आईची अडचण खरी असली, तरी ती सवयीने सुटण्यासारखी आहे. आपल्याकडे जावयाला 'पाहुणे' म्हणण्याची सोय आहेच, आणि धाकटा भाऊ असेल तर तो 'दाजी' म्हणून मोकळा होईल. वडिलांच्या अबोल्याकडे मात्र अधिक लक्ष द्या. मुलगी साठीची होईल तेव्हा जावई चौऱ्याहत्तरचे असतील, हा हिशेब त्यांनी मनात कधीच मांडलेला असणार, आणि तो चारचौघांत बोलून दाखवणे त्यांना जड जात असावे. म्हणून काका-मामांची बैठक बोलावण्याआधी या दोघांची एकट्याने भेट घडवा. त्या भेटीत स्वभावाच्या कौतुकापेक्षा निवृत्तिवेतन कोणत्या योजनेखाली आहे, घराचे कर्ज किती उरले आहे आणि लग्नानंतर वारसनोंदी नव्याने कधी भरणार, हे त्यांनी आपणहून सांगितले, तर वडिलांच्या मनातल्या प्रश्नाला निदान हात तरी लागेल.

आता पीएच.डी.चे पाहू, कारण तुमच्या पत्रातला सर्वांत अवघड भाग मला हाच वाटतो. एका कागदावर दोघांची वये शेजारी शेजारी लिहा. मूल तुमच्या ३३व्या वर्षी झाले, तर त्यांच्या साठीला, म्हणजे निवृत्तीच्या वेळी, ते तेरा वर्षांचे असेल; प्रबंध संपवून ३७व्या वर्षी झाले, तर नऊ वर्षांचे. त्यापुढचे सारे शिक्षण निवृत्तिवेतनावर आणि तुमच्या पगारावर निघेल. स्त्रीची प्रजननक्षमता पस्तिशीनंतर अधिक वेगाने घटते आणि पुरुषाच्या वाढत्या वयाचाही गर्भधारणेवर परिणाम होतो, म्हणून दोघांनी स्त्रीरोगतज्ज्ञांना आताच भेटावे. आयव्हीएफसारख्या उपचारांना २०२१ च्या कायद्याने स्त्रीसाठी ५० आणि पुरुषासाठी ५५ वर्षांची मर्यादा घातली आहे, तेव्हा तुमच्या बाबतीत त्यांची मर्यादा आधी येईल. 'नाहीच झाले तर दत्तक घेऊ' असे अनेक जण सहज म्हणतात. पण २०२२ च्या दत्तक नियमावलीप्रमाणे दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी दांपत्याच्या वयांची बेरीज ८५ च्या पुढे चालत नाही, आणि लग्नाला दोन वर्षे झालेली असावी लागतात. तुमची बेरीज आज ७६ आहे आणि ती दरवर्षी दोनाने वाढते. आज लग्न झाले तरी दोन वर्षांनी ती ८० होईल, आणि पुढे जेमतेम अडीच वर्षे हाताशी उरतील. प्रबंध सोडा असे मी मुळीच म्हणत नाही. मूल आणि प्रबंध एकाच वेळी चालवायचे झाल्यास घरात कोण असेल, हे मात्र त्यांना आताच विचारा, कारण रनिंग ड्युटीवरच्या माणसाला रात्री-अपरात्री कॉल येतो आणि बाहेरच्या रनिंग रूममध्ये मुक्काम पडतो.

झोपेचे कारणही बहुधा याच ड्युटीत असावे, वयात नव्हे. रात्रभर गाडी चालवून आलेला तिशीतला माणूसही दिवसा झोपतोच, त्यातून जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात दुपारची झोप धड लागत नाही ती वेगळीच. त्यांनी आठवडाभर रजा घेतली की पाहा: तीन-चार दिवस नीट झोप झाल्यावर ते उत्साहाने बाहेर पडत असतील, तर तो पाळीचा थकवा होता. रजेतही मरगळ गेली नाही, जोरात घोरणे, झोपेत श्वास अडखळणे किंवा जिना चढताना धाप लागणे असे काही आढळले, तर रक्तातील साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि झोपेतील श्वसनाची तपासणी करून घ्यावी. लोको पायलटांची वैद्यकीय तपासणी ठरावीक मुदतीने होतेच. मात्र त्या तपासणीत पात्र ठरले म्हणजे हे सारे तपासले गेले, असे धरून चालू नका.

हे सगळे ठीक निघाले, तरी त्यांना निवांतपणा हवा आणि तुम्हाला फिरणे हवे, एवढा फरक राहीलच. तेव्हा काही सहली तुम्ही मैत्रिणींबरोबर कराल आणि त्यावर घरात रुसवा होणार नाही, हे लग्नाआधीच बोलून घ्या. वयांचा तो कागद त्यांच्यापुढे ठेवल्यावर ते काय म्हणतात, ते मला कळवा. "पुढचे पुढे पाहू" एवढेच उत्तर आले, तर साखरपुड्याची तारीख तूर्त धरू नका.