अकाउंट काढू नका, आधी विमान मोड लावा

प्रश्न: फोनच्या मेल अ‍ॅपमध्ये मोठी फाइल जोडलेला मेल दोन दिवस Sending वरच अडकलाय. डिलीटही होत नाही. अकाउंट काढून परत टाकलं तर सुटेल का?

सुटेल. मेलसकट सुटेल, म्हणजे तो मेल कायमचा जाईल. हे मी अनुभवाने सांगतेय, आणि ज्याच्या सल्ल्याने तो अनुभव आला तो माझा सख्खा मोठा भाऊ आहे.

मी भाषांतराची कामं करते. एका पुस्तकाची शेवटची प्रुफं तपासून द्यायची होती. अठ्ठेचाळीस पानांवर हाताने दुरुस्त्या केल्या, फोनवरच स्कॅन केल्या, एक पीडीएफ झाली १९.२ एमबीची. संपादकांनी एकतीस शंका विचारल्या होत्या, त्यांची उत्तरं मी थेट मेलमध्येच लिहिली, एकेका शब्दासाठी तीन-तीन ओळी. जवळपास दीड तास गेला असेल. रात्री दहाला फाइल जोडली, पाठवा दाबलं आणि झोपले. सकाळी बघते तर मेल आउटबॉक्समध्येच, खाली Sending, आणि ती रेघ आपली पुढे सरकतेय.

दादाला फोन केला. आमच्या घरात संगणकातलं जे काही असेल ते दादाला विचारायचं, असा नियमच आहे. त्याने मर्यादा विचारली. संपादकांच्या मेल सर्व्हरची मर्यादा २० एमबी आहे, ती मला आधीच कळवली होती, माझ्याही सर्व्हरची तेवढीच. "मग १९.२ म्हणजे आत आहे. फाइलचा काही संबंध नाही. तुझं अकाउंट गंडलंय. काढ आणि परत टाक." मी काढलं, परत टाकलं. जुने मेल सगळे आले. आउटबॉक्स रिकामा. दादा म्हणाला, "बघ, सुटलं ना?"

आउटबॉक्स हा फोनमध्ये असतो, सर्व्हरवर नसतो. इनबॉक्स, पाठवलेले मेल, हे सगळं सर्व्हरवर असतं म्हणून अकाउंट परत टाकल्यावर ते परत उतरतं. न गेलेला मेल मात्र फक्त तुमच्या फोनवर असतो. अकाउंट काढलं, अ‍ॅप काढलं किंवा अ‍ॅपचा डेटा पुसला, की त्याची दुसरी प्रत कुठेच उरत नाही. पानं मी परत स्कॅन केली असती. पण ती एकतीस उत्तरं परत लिहिताना मी दादाला जे काही म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तर आता तुमचा मेल. फोन विमान मोडवर टाका, आणि वायफायही खरंच बंद झालंय ना ते बघा, काही फोनांमध्ये विमान मोडमध्ये वायफाय चालूच राहतं. एखाद-दोन मिनिटं थांबा. मेल डिलीट होत नाही कारण अ‍ॅप तो पाठवण्यात गुंतलेलं असतं आणि त्या वेळात त्याला हात लावू देत नाही. जाळं तुटलं की त्याचा प्रयत्न फसतो आणि मेल मोकळा होतो. तरीही उघडत नसेल तर फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन अ‍ॅपला सक्तीने थांबवा, आणि विमान मोड तसाच ठेवून अ‍ॅप परत उघडा. सक्तीने थांबवायचं, डेटा पुसायचा नाही. ही दोन बटणं एकाच ठिकाणी सापडतात आणि घाईत चुकतात. मेल उघडला की सगळ्यात आधी मजकूर निवडून कॉपी करा आणि नोट्समध्ये टाका. मग फाइल काढा किंवा मेल उडवा, काय हवं ते करा. विमान मोड शेवटी काढायचा.

मोकळा झाल्यावर तोच मेल तीच फाइल लावून परत पाठवलात तर परत अडकेल. कारण बहुतेक वेळा कारण फाइलच असते, दादा काहीही म्हणो.

दादाशी माझा वाद इथेच आहे. फोन जो आकार दाखवतो तो फाइलचा आकार. मेलमधून जाते ती फाइल तशीच्या तशी जात नाही. ई-मेल पाठवण्याची पद्धत १९८२ सालच्या नियमांवर उभी आहे, तेव्हा मेल म्हणजे इंग्रजी अक्षरांचा साधा मजकूर. फोटो, पीडीएफ वगैरे त्यातून पाठवायची सोय १९९२ मध्ये आली, तीही जुन्या रस्त्याला धक्का न लावता: फाइलचं आधी अक्षरांत रूपांतर करायचं. बेस६४ म्हणतात त्याला. फाइलमधल्या दर तीन बाइटांची चार अक्षरं होतात, शिवाय दर ७६ अक्षरांनंतर ओळ तोडायची, तिची दोन चिन्हं वेगळी. पलीकडे पोचल्यावर अक्षरांची परत फाइल होते, म्हणून पाठवणाऱ्याला किंवा घेणाऱ्याला हे कधी दिसत नाही. मी भाषांतरकार आहे. भाषांतर मुळापेक्षा लांब होतं हे मला कुणी शिकवायला नको.

माझा हिशोब करा. १९.२ ला तीनाने भागून चाराने गुणलं की २५.६. ओळी तोडण्याचे वर धरले की साधारण २६.३ एमबी. सर्व्हरची मर्यादा २०. म्हणजे मी थोडक्यात आत नव्हते, सव्वासहा एमबीने बाहेर होते. असा २० चा सर्व्हर असेल तर फाइल १४.५ एमबीच्या आत हवी, २५ चा असेल तर १८ च्या आसपास. काही सेवा ही वाढ आधीच धरून मर्यादा सांगतात, तिथे सांगितलेला आकडा फाइलचाच असतो. पण तुमची सेवा कुठल्या जातीची हे माहीत नसेल तर वाढ धरूनच चाला.

"मग अ‍ॅपने आधीच का नाही सांगितलं?" असं दादाने विचारलं होतं, विजयी मुद्रेने. प्रश्न रास्त आहे. जोडणी झाल्यावर सर्व्हर आपली मर्यादा सांगू शकतो, अशी एक ओळ येते, आकडा बाइटमध्ये:

```
250-SIZE 20971520
```

हे २० एमबी. नीट लिहिलेलं अ‍ॅप ही ओळ वाचतं, मेलचा आकार आधी कळवतं आणि जमणार नसेल तर तिथेच थांबतं. माझं अ‍ॅप त्यातलं नव्हतं. ते सगळं वर चढवायचं, शेवटी नकार घ्यायचं, आणि नकार मला न सांगता पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. पुढे तीच फाइल मी लॅपटॉपवरच्या मेल प्रोग्रॅममधून पाठवून पाहिली, तेव्हा त्याने खरं उत्तर दाखवलं:

```
552 5.3.4 Message size exceeds fixed limit
```

पाचाने सुरू होणारा आकडा म्हणजे कायमचा नकार, परत प्रयत्न करू नकोस. चाराने सुरू झाला तर आत्ता नाही, थोड्या वेळाने ये. फोनवरची अ‍ॅपं हे दोन्ही एकाच Sending खाली झाकून टाकतात, आणि माझा खरा राग त्यावर आहे.

पण फोनवरही ओळखता येतं. सेटिंगमध्ये कुठल्या अ‍ॅपने किती डेटा वापरला ते बघा. माझ्या मेल अ‍ॅपने त्या एका रात्रीत ३९५ एमबी खाल्ले होते. ३९५ ला २६.३ ने भागा, पंधरा येतात. म्हणजे ती अठ्ठेचाळीस पानं रात्रभरात पंधरा वेळा दारापर्यंत गेली आणि परत आली. डेटा असा फाइलच्या पटीत वाढत असेल तर नेटला दोष देऊ नका, फाइल मोठी आहे. डेटा जवळजवळ वाढलाच नसेल तर मेल फोनमधून निघालेलाच नाही: बॅटरी बचत चालू आहे, सिंक बंद आहे, किंवा जोडलेली मूळ फाइल तुम्ही मध्येच गॅलरीतून उडवली आहे. आणि रेघ दर वेळी वेगळ्याच ठिकाणी थांबत असेल तर मात्र नेट. मेल पाठवताना अर्धवट राहिलेलं काम पुढे चालू होत नाही, नव्वद टक्क्यांवर तुटलं तरी पुन्हा शून्यापासून. अशा वेळी फोन चार्जरला लावून, स्क्रीन चालू ठेवून, अ‍ॅप उघडंच ठेवून पाठवा.

मी शेवटी काय केलं? पीडीएफचे दोन तुकडे केले, चोवीस-चोवीस पानांचे, ९.६ एमबीचे. एकेक तुकडा सव्वातेरा एमबी होऊन गेला, एका मेलमागून एक, मिनिटा-दोन मिनिटांत. दादा म्हणाला झिप कर. केली. १९.२ ची १८.९ झाली, कारण स्कॅन केलेली पानं ही आधीच दाबलेली चित्रं असतात, त्यांना आणखी किती दाबणार. स्कॅन करतानाच रंगीतऐवजी करडं आणि २०० डीपीआय ठेवलं असतं तर तुकडेही करावे लागले नसते. व्हिडिओ असेल तर हे काही करू नका, क्लाउडवर चढवा आणि दुवा पाठवा. फक्त दुवा उघडायची परवानगी समोरच्याला दिलीय ना ते बघा.

दोन गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. मेल उडवण्यापूर्वी ब्राउझरमधून तुमच्या मेलमध्ये शिरा आणि ड्राफ्ट बघा. काही अ‍ॅपं लिहिता लिहिता ड्राफ्ट सर्व्हरवर ठेवतात, तसं असेल तर मजकूर तिथे मिळेल. माझं ठेवत नव्हतं. आणि समोरच्यालाही विचारा, मेल आलाय का. कधी कधी मेल पोचलेला असतो, फक्त "मिळाला" हे सर्व्हरचं उत्तर परत येताना जाळं तुटतं, मग अ‍ॅप बिचारं परत परत पाठवत राहतं आणि पलीकडे तोच मेल चार वेळा जाऊन पडतो.

अडथळा निघाला की इथे जरूर लिहा, फाइल किती एमबीची होती आणि अ‍ॅपने डेटा किती खाल्ला. दादाचं अजूनही म्हणणं आहे की माझं अकाउंटच गंडलं होतं.