गेममधे लेन्स इफेक्ट किती ठेवावेत?

प्रश्न: युनिटीत क्रोमॅटिक अॅबरेशन, व्हिनेट, फ्लेअर सगळं लावलंय, पण सिनेमासारखं वाटायच्या ऐवजी डोळे दुखायलेत. काय चुकतंय?

आधी क्रोमॅटिक अॅबरेशनची Intensity बघा, बहुतेक तिथंच गडबड असणार. मी दौलताबाद किल्ल्यातल्या अंधारी या काळोख्या भुयारावर एक छोटा गेम करायलो, त्यात मी ती 0.5 ठेवली होती. भाच्याला खेळायला दिलं तर दोन मिनिटात म्हणला, मामा तुमची स्क्रीन बिघडली का माझे डोळे.

होतं काय की खऱ्या लेन्समधे रंग फाटतात ते कडेला, मधोमध जवळपास नाहीच, आणि युनिटीचं चित्र काढणारं युआरपी पण तसंच करतं, केंद्रापासून लांब जाल तसा लाल आणि निळा एकमेकांपासून सरकत जातो. 1920 रुंदीच्या स्क्रीनवर 0.5 ला उजव्या कडेच्या मधोमध हे अंतर 32 पिक्सेलच्या आसपास जातं, कोपऱ्यात त्याच्या दुप्पट. त्यात युआरपी तीनच सॅम्पल घेतं, म्हणून एवढ्या मोठ्या आकड्याला बारीक रंगीत कड दिसत नाही, चक्क एकावर एक तीन चित्रं दिसतात. डोळे त्यानंच दुखायलेत.

मी 0.05 वर आणलं. आता कडेला 3 पिक्सेल. तपासायचं असंय, पांढऱ्या आभाळासमोर काळा दगड येईल असं उभं राहायचं, दगड स्क्रीनच्या कडेला घ्यायचा, स्क्रीनशॉट 400 टक्के झूम करायचा आणि रंगीत पट्टी मोजायची.

आणखी एक, स्क्रीनवरचा मजकूर-बटणं ज्यावर असतात तो तुमचा Canvas जर Screen Space - Camera वर असेल तर मजकूर पण फाटतो, माझ्या कोपऱ्यातल्या मराठी सूचनेतले अनुस्वार लाल-निळे होऊन दोन-दोन दिसायले होते. Overlay वर टाका, त्यावर पोस्ट-प्रोसेसिंगचे हे इफेक्ट चढत नाहीत.

व्हिनेटचं, म्हणजे कडा काळ्या करण्याचं थोडक्यात, सीन आधीच अंधारा असेल तर जवळपास नकोच. अंधारीत मी 0.4 लावलं तर कडेच्या पायऱ्याच गायब, लोक भिंतीला धडकायले. आता आत 0, बाहेर उजेडात 0.2. काळोख उतरतो तिथं पट्टे दिसले तर कॅमेऱ्यावर Dithering चालू करा.

फ्लेअर, म्हणजे उजेडाचे चमकते गोळे, मी फक्त सूर्याला ठेवला, तेपण अंधारीतून बाहेर आल्यावरच. आधी मशालींना पण होता, आणि मधे काही आलं की फ्लेअर झाकणारं Occlusion बंद राहिल्यानं भिंतीपलीकडच्या मशालीचे गोळे दगडातून चमकायले. भाच्याला वाटलं आत काहीतरी खजिना आहे, बिचारा भिंतीलाच जाऊन चिकटला.