कडी-कोयंड्याला स्क्रू नकोत, आरपार बोल्ट हवेत

"जिन्याखालच्या स्टोअरचा कडी-कोयंडा कुणीतरी पेचकस घालून स्क्रूंसकट उपटला. दार सागवानी आहे, बाहेर उघडतं. मोठे स्क्रू लावले तर टिकेल का?"

नाही टिकणार. इंदूरला रामबागेत आमच्या जुन्या घरात मी तेच करून पाहिलं होतं. स्क्रूची पकड असते ती आट्यांमधल्या लाकडापुरती. पट्टीखाली पहारेचं टोक घालून उचकटलं की तेवढं लाकूड फाटतं आणि स्क्रू सरळ बाहेर येतो. लांब स्क्रूला फक्त थोडा जास्त वेळ लागतो. बोल्ट दाराच्या आरपार गेला आणि आतून लोखंडी पट्टीवर नटाने आवळला, की जोर त्या पट्टीवर पसरतो, मग उपटायचं तर दारच फोडावं लागतं.

सियागंजात हार्डवेअरच्या दुकानात कडी ‘कुंडा’ म्हणून मागा, 3 मिमी जाड पत्र्याचा. बोल्ट ‘कॅरेज बोल्ट’ घ्या. याचं डोकं गुळगुळीत घुमटासारखं असतं, पेचकसाला खाचच नाही, आणि डोक्याखाली चौकोनी मान असते. कुंड्याची भोकं गोल असतील तर कानशीने चौकोनी करा, नाहीतर डोकं पत्र्यावर टेकणार नाही.

माझं दार 32 मिमी होतं. त्यात कुंडा 3, आतली पट्टी 3, वॉशर आणि नट मिळून साधारण 7, म्हणजे 45 झाले. म्हणून 6 मिमी जाडीचे, 50 मिमी लांबीचे बोल्ट घेतले. आधी कुंडा कुलूप लावून बंद स्थितीत धरून खुणा केल्या, मग 3 मिमीचं भोक आणि त्यावर साडेसहाचं. मागे टाकाऊ फळी दाबून धरा, नाहीतर आतल्या बाजूला चिरफळ्या उडतात. कुंडा मधल्या पातळ फळीवर नको, कडेच्या उभ्या जाड पट्टीवरच हवा.

खरी गडबड कोयंड्याची. तो चौकटीवर बसतो आणि लोक तिथे स्क्रूच ठेवतात! माझी चौकट 100 मिमी खोल आणि आतून उघडी होती, म्हणून तीही आरपार भोसकली. एवढे लांब बोल्ट 6 मिमीत मिळाले नाहीत, 125 लांबीचे 8 मिमीचे आणले आणि कोयंड्याची भोकं वाढवली. एका बाजूने भोक वाकडं जातं, म्हणून अर्धं आतून पाडलं. चौकट आतून भिंतीत गाडलेली असेल तर हा उपाय चालणार नाही.

तुमचं दार बाहेर उघडतं, म्हणजे बिजागऱ्यांच्या खिळ्या बाहेर दिसत असतील. त्या ठोकून काढता येतात का ते पाहा. येत असतील तर दोन्ही टोकं हातोडीने चपटी करा. आठवड्याने नट पुन्हा आवळा, लाकूड दबून ते सैल झालेले असतात.