तोंडाभोवतीच्या मुंग्या: भीतीच्या की कॅल्शियमच्या?

प्रश्न: बहीण २४ वर्षांची आहे. घाबरली की जोरजोरात श्वास घेते, मग ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, बोटं आखडतात. कॅल्शियमचा रिपोर्ट नॉर्मल आहे. डॉक्टर टेन्शन म्हणतात, शेजारी म्हणतात गोळ्या चालू करा. काय करू?

दादा, मिरजेत तातडीच्या विभागात मी २२ वर्षं सिस्टर होते. रिपोर्ट नॉर्मल असला तरी तिच्या मुंग्या खऱ्याच आहेत. रक्तातलं बरंचसं कॅल्शियम अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेलं असतं. नसांच्या कामी येतं ते उरलेलं, मोकळं. भराभर श्वास सोडला की कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, रक्त अल्कधर्मी होतं आणि मोकळं कॅल्शियमही प्रथिनाला जाऊन चिकटतं. एकूण आकडा तेवढाच राहतो, पण नसा चाळवतात. म्हणजे तुटवडा नाहीच, मग गोळ्या कशाला?

हाताच्या आकारावरून मात्र काही ठरवू नका. कासारीण बांगड्या भरताना हात जसा दाबून निमुळता करते, अंगठा आत आणि बोटं सरळ जुळलेली, तसा तो धापेने आणि कॅल्शियम कमी पडल्याने, दोन्हीत होतो. बघायचं ते एवढंच, की आधी काय झालं.

विट्याकडची एक बाई आठवते. गळ्यातल्या थायरॉइडच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी ओठ बधिर झाले. एका दवाखान्यात टेन्शन म्हणून झोपेचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. रात्री आमच्याकडे आणली, तेव्हा श्वास अगदी शांत होता, मिनिटाला १६. बीपीचा पट्टा फुगवलेला राहिला आणि दोन मिनिटांत हात तसाच, बांगड्या भरतानासारखा निमुळता वळला. कॅल्शियम ६.४ निघालं, साधारण ८.५ च्या वर हवं असतं. थायरॉइडलगतच्या पॅराथायरॉइड ग्रंथींना ऑपरेशनमध्ये धक्का बसला की असं होतं. ईसीजीवर नजर ठेवून शिरेतून हळूहळू कॅल्शियम दिलं, तेव्हा बोटं सैल झाली. भीती तिलाही वाटत होती, पण ती मुंग्यांच्या मागून आली होती.

तुमच्या बहिणीचं उलट दिसतंय, आधी धाप आणि मग मुंग्या. तिला बसवा, खांदे सैल करायला सांगा. नाकाने चार मोजेपर्यंत श्वास, मग ओठ चोचीसारखे करून सहा मोजेपर्यंत सोडायचा. तुम्हीही तिच्याबरोबर करा, ताल धरते. बऱ्याचदा दहा-वीस मिनिटांत उतरतं. तोंडाला कागदी पिशवी लावू नका. धाप दम्याची किंवा हृदयाची असली तर पिशवीने ऑक्सिजन आणखी कमी पडतो.

शांत बसलेली असताना मुंग्या आल्या, पायात पेटके येऊ लागले किंवा मानेचं ऑपरेशन झालेलं असलं, तर डॉक्टरांना मोकळं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि डी जीवनसत्त्व तपासायला सांगा. नुसत्या एका बाजूला बधिरपणा, तोंड वाकडं, बोलणं अडखळणं किंवा छातीत दुखणं असेल, तर श्वास मोजत बसू नका, लगेच १०८ ला फोन करा.