मुंजीचा मुहूर्त हलला, मंजूर रजेचं काय?

प्रश्न : मी बाणेरच्या एका खासगी कंपनीत अकाउंट्स विभागात आहे, पद सीनियर एक्झिक्युटिव्ह, कार्यालयात साठेक माणसं. मुलाची मुंज २४ एप्रिलला घरीच करायची ठरली होती. त्यासाठी २३ ते २६ एप्रिल अशी रजा फेब्रुवारीतच मंजूर झाली. पण १८ तारखेला माझे चुलत सासरे वारले, सुतक आलं. गुरुजींनी आता ९ मे सांगितला आहे, तो हुकला तर १४ मे. एचआर म्हणतं, एकदा मंजूर झालेली रजा बदलत नाही, ती वापरलेलीच धरू. आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात खाती बंद करायची असतात, म्हणून नवी रजा नाही. न सांगता गेलात तर नोटीस काढू. माझ्या खात्यावर अर्जित रजा १३ आणि कॅज्युअल ४ आहेत. मी काय करू? (२० एप्रिल)

उत्तर : उत्तर मुद्दाम लगेच देतोय, कारण तुमच्या हातात फार दिवस नाहीत. तुम्हाला ८ मेपासून रजा हवी असेल, तर त्यासाठीचा लेखी अर्ज २३ एप्रिलच्या आत कंपनीकडे पोहोचला पाहिजे. बाकी वाचलं नाहीत तरी चालेल, पण एवढं आज करा.

असं का, ते सांगतो. तुमच्या कार्यालयाला महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७ लागू होतो. त्याच्या कलम १८ मध्ये रजेची व्यवस्था आहे. मागच्या वर्षी २४० दिवस किंवा त्याहून जास्त काम केलं असेल, तर दर २० दिवसांच्या कामामागे १ दिवस भरपगारी रजा मिळते. तुमचे १३ दिवस म्हणजे २६० दिवसांच्या कामाचा हिशेब, तो बरोबर वाटतो. त्याशिवाय वर्षाला ८ कॅज्युअल. त्या तिमाहीगणिक खात्यात जमा होतात, म्हणून एप्रिलमध्ये तुमच्याकडे ४ दिसतात. वर्षअखेर वापरल्या नाहीत तर त्या बुडतात. अर्जित मात्र ४५ दिवसांपर्यंत साठते.

आता पंधरा दिवसांची गोम. कायदा म्हणतो, अर्जित रजेसाठी पंधरा दिवस आधी अर्ज केला असेल आणि मालकाने ती नाकारली, तर ४५ दिवसांच्या वर साठलेल्या रजेचे पैसे मागण्याचा हक्क कर्मचाऱ्याला मिळतो. नीट बघा, कायद्याने दिलेला उपाय पैशाचा आहे. 'ठरावीक तारखेला रजा दिलीच पाहिजे' असं कलमात कुठेही लिहिलेलं नाही. तुमची शिल्लक १३ असल्यामुळे आज त्या पैशाच्या हक्काचाही तुम्हाला काही उपयोग नाही. मुंज घरची आहे, मुहूर्त ठरलाय, म्हणून कंपनीला रजा द्यावीच लागेल, असं कोणी सांगत असेल तर त्याच्यावर भिस्त ठेवू नका. मग वेळेत अर्ज कशासाठी? कारण पंधरा दिवस आधी आलेला अर्ज कंपनीला सहज झटकता येत नाही. पुढे वाद झालाच, तर आधी हेच बघितलं जातं की तुम्ही वेळेत, लेखी मागितलं होतं का.

एचआरच्या पहिल्या म्हणण्याला मात्र काही आधार नाही. रजा वापरली म्हणजे तुम्ही त्या दिवशी कामाला नव्हता. तुम्ही २३ ते २६ एप्रिलला हजर राहून काम केलंत, तर ते दिवस रजेत धरणं म्हणजे काम करून घेऊन वर शिल्लक कापणं. म्हणून २३ तारीख उजाडायच्या आत रजा रद्द करत असल्याचा मेल पाठवा आणि त्या दिवसांत हजेरी न चुकता लावा. मेलमध्ये कारण एका ओळीत सांगा; सुतक म्हटलं की पुण्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

नव्या अर्जात माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे : दोन्ही मुहूर्त लिहा. लोक एकच तारीख लिहितात, ती पुन्हा हलली की नवा अर्ज, नवे पंधरा दिवस, आणि तोपर्यंत मुंज तोंडावर येते. तुम्ही असं लिहू शकता :

"माझ्या मुलाची मुंज २४ एप्रिलला होती, कुटुंबातील निधनामुळे ती पुढे गेली आहे. २३ ते २६ एप्रिलची मंजूर रजा मी रद्द करत आहे, त्या दिवशी कामावर हजर राहीन. त्याऐवजी ८ ते ११ मे अर्जित रजा मिळावी. हा मुहूर्त काही कारणाने साधला नाही, तर १३ ते १६ मे मिळावी. दोनपैकी एकच रजा घेईन व कोणती ते ५ मेपर्यंत कळवीन. रजेपूर्वी खात्यांचे माझ्याकडील काम पूर्ण करून देण्याची माझी तयारी आहे."

शेवटचं वाक्य वगळू नका. नाकारण्याचं त्यांचं कारण खाती बंद करण्याचं आहे, त्याला आधीच उत्तर देऊन ठेवलेलं बरं. तुमची कोणती नोंद कोण सांभाळेल, त्या सहकाऱ्याचं नाव घातलंत तर आणखी चांगलं. जुनी नि नवी पत्रिका जोडा. अर्जित रजेसाठी कारण सिद्ध करायला कलमात सांगितलेलं नाही, पण कागद असला की बोलणं थोडक्यात आटोपतं.

तरीही नकार आला तर तो मेलवर मागा, कारणासह. मग चारऐवजी दोनच दिवस मागा, ८ आणि ९ मे, कॅज्युअलमधून. कॅज्युअलला पंधरा दिवसांची अट कलमात नाही. तीही मिळत नसेल, तर बिनपगारी रजा मागा आणि ती मंजूर झाल्याचं उत्तर हातात घ्या. मंजुरीशिवाय जाणं म्हणजे विनापरवाना गैरहजेरी. एवढ्या कारणावरून नोकरी गेली तर कंपनीला ते टिकवणं जड जाईल, असं मला वाटतं. पण मेमो फाइलला लागतो, आणि पुढच्या पगारवाढीच्या वेळी तो बरोबर वर येतो. त्या दिवसांचा पगार कापता येतो, मात्र गैरहजर दिवसांच्या प्रमाणातच; दोन दिवसांसाठी चार दिवसांची कपात चालत नाही.

एक शंका तुमची कंपनी काढेल : 'तुम्ही सीनियर, तुम्हाला हा कायदा नाही.' व्यवस्थापकीय, पर्यवेक्षकीय आणि गोपनीय स्वरूपाच्या पदांना हा कायदा लागत नाही, हे खरं. पण अशा पदांची यादी कंपनीने संकेतस्थळावर, नाहीतर कार्यालयात दर्शनी लावायची असते. ती आधी मागा. शिवाय पाटीवरच्या नावाने काही ठरत नाही. तुम्ही दिवसभर नोंदी, जुळवणी आणि बिलं करत असाल आणि हाताखाली कोणी नसेल, तर ते लिपिकीय कामच. हा वाद पेटला आणि शिल्लक कापलीच, तर तक्रार वाकडेवाडीच्या कामगार कार्यालयात लेखी द्यायची. पण मुंजीआधी तिथून निकाल येईल अशी अपेक्षा ठेवू नका, तो नंतरचा मार्ग आहे.

आणखी एक, हे कायद्याचं नाही, आमच्या गुरुजींचं. मुंजीची नांदी सहा दिवस आधीपर्यंत करता येते, आणि नांदी झाल्यावर आलेलं सुतक त्या कार्याला आड येत नाही, असं ते सांगतात. तुमच्या गुरुजींना विचारा. ते हो म्हणाले, तर ३ मेनंतर सोयीच्या दिवशी सकाळी नांदी उरकून घ्या. दोन तास उशिरा येण्याची परवानगी कुठलंही एचआर देतं, चार दिवसांची रजा पुन्हा हलवण्यापेक्षा ते सोपं आहे.